बंद खोलीतलं सत्य: साक्षीदार नसताना चौकशी समिती निर्णय कसा घेते

‘घटनेला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही. दोन्ही पक्षांची विधानं परस्परविरोधी आहेत. सबब, आरोप सिद्ध होत नाही.’ कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या चौकशी अहवालांत असा मजकूर वाचला की मला राग येतो. तक्रार खरी होती की खोटी हा प्रश्न त्यानंतरचा. या तीन वाक्यांवरून एवढंच कळतं की समितीने चौकशी केलीच नाही. वरिष्ठ माणूस हाताखालच्या बाईशी गैरवर्तन करतो ते चार लोक बघत असताना क्वचितच करतो. साक्षीदार नसणं हेच अशा प्रकरणाचं नेहमीचं रूप आहे. त्यामुळे ‘साक्षीदार नाही’ इथून समितीचं काम सुरू व्हायला हवं.

अशा तक्रारींसाठी २०१३ चा केंद्रीय कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणं त्याने बंधनकारक केलं. अध्यक्षपदी तिथलीच एखादी वरिष्ठ महिला, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधले, एक सदस्य बाहेरचा, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला, अशी तिची रचना. यातले बहुतेक जण कायद्याचं शिक्षण घेतलेले नसतात. कोणी लेखा विभागात असतं, कोणी उत्पादनात. त्यांना एकदम न्याय करायला बसवलं की डोक्यात येतो तो सिनेमातला कोर्टाचा प्रसंग, आणि त्याच्याबरोबर कोर्टाचं एक वाक्य: आरोप निःसंशय सिद्ध झाला पाहिजे.

घोटाळा इथेच होतो. ‘वाजवी संशयापलीकडे’ ही फौजदारी खटल्याची कसोटी आहे. तिथे सरकार माणसाला तुरुंगात टाकू शकतं, म्हणून मनात वाजवी शंका उरली तरी आरोपी सुटतो. नोकरीतल्या चौकशीला ही कसोटी लागू नाही. तिथे बघायचं ते संभाव्यतेचं पारडं: समोर आलेलं सगळं तोलल्यावर घटना घडली असण्याची शक्यता न घडली असण्यापेक्षा जास्त आहे का? खातेनिहाय चौकशीला हीच कसोटी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने सरदार बहादूर प्रकरणात सांगितलं आणि पुढे अनेकदा तेच म्हटलं.

या कसोटीचं काही जण ‘एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास’ असं सोपं रूप करतात. ते मला धोक्याचं वाटतं, कारण त्यामुळे नुसत्या शंकेलाही पुराव्याचा मान मिळू लागतो. ‘त्या माणसाबद्दल मागेही कुजबुज होती’, ‘बोलताना तो जरा जास्तच सलगी करतो’ अशा पाच गोष्टी एकत्र केल्या तरी त्यांचा पुरावा होत नाही. खात्याच्या चौकशीतही संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे १९७८ च्या नंदकिशोर प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे. आणि पारडी अगदी समसमान राहिली, तर आरोप सिद्ध झाला नाही असंच म्हणावं लागतं.

मग एकट्या तक्रारदाराचा जबाब हा पुरावा आहे की नाही? आहे. कोणतीही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, हे आपला पुराव्याचा कायदा पहिल्यापासून सांगत आला आहे. एका माणसाची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढीही पुरते. मात्र ती विश्वासार्ह आहे की नाही हे नुसतं ऐकून ठरवायचं नसतं, ते तपासून बघायचं असतं.

ही तपासणी कशी करू नये याचं एक जुनं उदाहरण आहे. १२ ऑगस्ट १९८८ ला दिल्लीत एका निर्यात परिषदेच्या अध्यक्षांचा खासगी सचिव कार्यालयातल्या टंकलेखिकेला अध्यक्षांचं डिक्टेशन घ्यायला म्हणून ताज पॅलेस हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये घेऊन गेला. तिला डिक्टेशन घेण्याचं प्रशिक्षण नव्हतं. तिथे आणि नंतर लिफ्टमध्ये त्याने जवळीक करण्याचा प्रयत्न केला, अशी तिची तक्रार होती. चौकशीत तो दोषी ठरला आणि नोकरीतून गेला. पण उच्च न्यायालयाने तिच्या जबाबातले शब्द धरून प्रत्यक्ष शारीरिक स्पर्श झालाच नाही असं म्हटलं आणि त्याला दिलासा दिला. जानेवारी १९९९ मध्ये ए. के. चोप्रा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अशा प्रकरणात किरकोळ विसंगती आणि तांत्रिक मुद्दे यांत न अडकता प्रकरणाची एकंदर संभाव्यता बघा, असं न्यायालयाने सांगितलं. डिक्टेशन येत नसलेल्या मुलीला डिक्टेशनसाठी हॉटेलात का नेलं, या प्रश्नाशी थांबणं म्हणजेच एकंदर संभाव्यता बघणं.

आता एक प्रकरण सविस्तर पाहू. गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक असल्यामुळे आणि ती मला मनापासून मान्य असल्यामुळे हे प्रकरण मी रचलेलं आहे. समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करताना जे तुकडे पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांचंच ते बनलेलं आहे.

एका कंपनीच्या खरेदी विभागातली सत्तावीस वर्षांची कर्मचारी २८ एप्रिलला तक्रार देते. तिचं म्हणणं असं: १४ मार्चला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास विभागप्रमुखांनी एका पुरवठादाराची जुनी फाइल शोधायला तिला रेकॉर्ड रूममध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, मागून कमरेला हात घातला आणि ‘एवढी घाबरतेस काय’ असं म्हणाले. ती त्यांना ढकलून बाहेर पडली आणि थेट घरी गेली. दुसरा आरोप असा की जानेवारीत एका रात्री त्यांनी फोन करून घाणेरडं बोलणं केलं.

तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत विभागप्रमुखांकडे जाते आणि त्यांना उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. त्यांचं उत्तर असं: हे सगळं खोटं आहे. त्या दिवशी मी सात वाजता ऑफिसमधून निघालो. त्या जुन्या फाइलची कित्येक महिन्यांत गरजच पडलेली नाही. वार्षिक मूल्यांकनात मी तिला कमी गुण दिले, त्याचा हा सूड आहे.

पुष्कळ समित्या इथे दोघांना समोरासमोर बसवतात, दोघांचे चेहरे न्याहाळतात आणि मग आपल्याला काय वाटलं यावर मत बनवतात. ती रडली नाही, म्हणजे काही झालं नसावं. त्याची नजर खाली होती, म्हणजे तो दोषी असावा. हा सगळ्यांत कच्चा रस्ता आहे. माणसाकडे बघून तो खोटं बोलतोय की खरं हे लोकांना कितपत ओळखता येतं, यावरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के वेळा बरोबर येतंच. आपल्यावर असा प्रसंग आला तर कोण कसं वागेल याचा भरवसा नसतो. खोटा आरोप झालेला माणूसही घामाघूम होतो, आणि आघात सोसलेली बाई कधी कधी बँकेतल्या व्यवहाराबद्दल सांगावं तशा कोरड्या आवाजात बोलते.

भरवशाचा रस्ता संथ आहे. दोघांच्या सांगण्यातून अशा गोष्टी वेगळ्या काढायच्या की ज्यांची शहानिशा त्या दोघांशिवाय तिसरीकडे करता येते. त्या खोलीत काय घडलं याची नोंद कुठेच नसते, पण त्या आधीच्या आणि नंतरच्या तासाभराची असते. समितीला माणसाला बोलावून शपथेवर तपासण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मनुष्यबळ विभागाने ‘ती माहिती देता येत नाही’ म्हटलं की गप्प बसायचं कारण नसतं.

आपल्या समितीने पहिल्यांदा सीसीटीव्ही मागितला. तो मिळाला नाही, कारण कंपनीत तीस दिवसांनी चित्रण आपोआप पुसलं जातं आणि तक्रार आली तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते. हे फार वेळा होतं. निदान जे उरलंय ते जपून ठेवायचं लेखी पत्र तक्रार हातात पडली त्याच दिवशी संगणक विभागाला आणि सुरक्षा विभागाला गेलं पाहिजे. पहिल्या बैठकीची वाट बघायची नाही.

मग दाराच्या पंचिंगची नोंद आली आणि तक्रारदाराची बाजू पहिल्याच फटक्यात लंगडी पडली. १४ मार्चला ती संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली होती. विभागप्रमुखांनी अर्थातच हा मुद्दा उचलला: साडेसातला ती ऑफिसातच नव्हती. एखादी समिती इथेच वही मिटेल. या समितीने तिला विचारलं, तो दिवस तुमच्या लक्षात कशावरून राहिला? ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुरवठादाराला उत्तर जायचं होतं, त्याचीच गडबड चालली होती. पुरवठादाराला गेलेला ईमेल शोधला तर तो १६ मार्चच्या सकाळचा निघाला. म्हणजे घटनेची संध्याकाळ १५ मार्चची. त्या दिवशी तिची बाहेर पडण्याची नोंद सात वाजून चौतीस मिनिटांची होती, आणि विभागप्रमुखांची सात बावन्नची.

दीड महिन्यानंतर सांगताना तारीख एका दिवसाने चुकणं ही परिघावरची चूक आहे. घटनेचा गाभा तिने तक्रारीत, जबाबात आणि उलटतपासणीत एकच सांगितला. आणि ही चूक तिच्या स्वतःच्या खुलाशाने सुधारली गेली नाही, कंपनीच्या ईमेलने सुधारली, हे महत्त्वाचं. ‘सातला निघालो’ हे विभागप्रमुखांचं विधान मात्र गाभ्याशी जोडलेलं होतं, कारण त्यांचा सगळा बचाव ते तिथे नव्हते यावर उभा होता. आधी त्यांनी १४ तारखेबद्दल सांगितलं होतं, म्हणून समितीने त्यांना १५ तारखेबद्दल पुन्हा विचारलं. त्या दिवशीही सातच्या आसपासच निघालो, ते म्हणाले. नोंद पुढे ठेवल्यावर म्हणाले, केबिनमध्ये घरच्यांशी फोनवर बोलत होतो. त्या फोनची नोंद आणून द्यायला त्यांना आठ दिवस दिले. ती आली नाही. केवळ तेवढ्यावरून ते दोषी ठरत नाहीत. माणूस जायची वेळ विसरूही शकतो. पण तिथे नसल्याचा बचाव आता उरला नाही.

फाइलचंही तसंच. १६ तारखेच्या ईमेलला दोन वर्षांपूर्वीच्या खरेदी आदेशाची स्कॅन प्रत जोडलेली होती आणि स्कॅनरच्या नोंदीत विभागप्रमुखांचंच लॉगिन होतं, सकाळी नऊ एकतीसचं. म्हणजे त्या फाइलची गरज कित्येक महिने पडली नाही हे खरं नव्हतं. अर्थात फाइल त्यांनी सकाळी येऊनही काढली असू शकते, आणि अहवालात हेही लिहायला हवं. आपल्याला सोयीच्या गोष्टीचं वजन वाढवून लिहिलेला अहवाल अपिलात टिकत नाही, टिकूही नये.

समिती रेकॉर्ड रूम बघायलाही गेली. शिपाई सहाला जातो आणि जाताना किल्ली विभागप्रमुखांच्या खणात ठेवतो, हे तिथे कळलं. दाराला आपोआप बंद होणारा क्लोझर बसवलेला होता. म्हणजे ‘त्यांनी दार लावून घेतलं’ हे तिचं सांगणं जसंच्या तसं स्वीकारता येत नव्हतं, दार आपणहूनही बंद झालं असेल. तेवढा भाग समितीने सिद्ध धरला नाही. माणसाच्या सांगण्यातला एखादा तपशील असा गळून पडला म्हणजे बाकीचं सगळं खोटं ठरत नाही. प्रत्येक तपशील वेगळा तपासायचा असतो.

संगणक विभागाकडून आलेली एक नोंद मात्र कोणी मागताना मनात धरली नव्हती. ती रोज निघताना संगणक बंद करून जायची, त्या दोन महिन्यांत न चुकता. १५ मार्चला तो चालूच राहिला आणि काही वेळाने आपोआप लॉक झाला. कोणीतरी घाईघाईत उठून गेलं, एवढंच त्यातून दिसतं. पण ही गोष्ट तिने तक्रारीत लिहिलेलीच नव्हती, तिला ती आठवतही नव्हती. रचून सांगणाऱ्या माणसाला असा धागा मागे ठेवता येत नाही.

तिने घटना प्रथम कोणाला सांगितली हा प्रश्न अशा चौकशीत फार मोलाचा असतो. त्याच रात्री आठ चाळीसला तिने एका सहकारी मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं: ‘सरांबरोबर यापुढे एकटी कुठे जाणार नाही. फाइलच्या खोलीत आज जे केलं ते उद्या भेटल्यावर सांगते.’ समितीने स्क्रीनशॉटवर विसंबून न राहता दोघींच्या फोनवर तोच संदेश त्याच वेळेचा आहे ना हे पाहिलं आणि मैत्रिणीचा जबाब घेतला. या मैत्रिणीने घटना पाहिलेली नाही. तिची साक्ष म्हणजे तक्रारदाराचाच शब्द दुसऱ्या तोंडून. तो हात लागल्याचा पुरावा नव्हे. तो पुरावा आहे याचा की ही गोष्ट एप्रिलमध्ये सुचलेली नाही.

सुडाच्या आरोपाचा निकालही त्यानेच लागतो. हेतू शोधायचा तर तारखा बघायच्या. विभागप्रमुखांनी मूल्यांकनाचा अर्ज ३ एप्रिलला भरला होता आणि तिला गुण कळले १२ एप्रिलला. संदेश १५ मार्चचा. ज्या गुणांचा राग आला असं म्हणायचं, ते गुण तेव्हा दिलेलेच नव्हते. आता तोच प्रश्न उलटाही विचारायला हवा, आणि हे समित्या सहसा विसरतात: नाकारण्यात विभागप्रमुखांचं हित नव्हतं का? होतं, कोणाचंही असतं. म्हणून नुसत्या हेतूने पारडं कुठेच झुकत नाही; तारखांशी जुळलेला किंवा न जुळलेला हेतू मात्र झुकवतो.

विभागप्रमुखांनी शेवटी एक गोष्ट पुढे केली. २१ मार्चला त्यांच्या वाढदिवशी तिने ‘हॅपी बर्थडे सर’ असा संदेश पाठवला होता. असं काही झालं असतं तर शुभेच्छा दिल्या असत्या का? हा प्रश्न त्यांना विचारण्याचा हक्क आहे. उलटतपासणीत समोरासमोर बसवून घेण्याऐवजी त्यांचे प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारता येतात आणि इथे तसंच केलं. ती म्हणाली, विभागाच्या ग्रुपवर सगळे लिहीत होते, मी एकटीने नसतं लिहिलं तर दिसलं असतं. ग्रुप उघडून पाहिला, अकरा जणांनी लिहिलं होतं. वरिष्ठाच्या हाताखाली नोकरी टिकवणाऱ्या माणसाचं ते वागणं होतं आणि समितीने त्याला तेवढंच वजन दिलं.

यातला प्रत्येक कागद, प्रत्येक नोंद विभागप्रमुखांना दाखवली गेली आणि त्यांचं म्हणणं घेतलं गेलं. जे आरोप झालेल्या माणसाला दाखवलं नाही त्यावर निष्कर्ष काढता येत नाही. हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे आणि इथे चूक झाली तर खरी तक्रारही वरच्या पायरीवर कोसळते.

निष्कर्ष प्रत्येक आरोपाचा वेगळा लिहायचा. पहिल्या आरोपाबद्दल समितीने लिहिलं की घटनेला प्रत्यक्ष साक्षीदार नाही. मात्र तक्रारदाराचं गाभ्याचं कथन शेवटपर्यंत एकसारखं राहिलं. तिथे नसल्याचा आणि फाइलची गरज नसल्याचा प्रतिवादीचा बचाव कंपनीच्याच नोंदींशी जुळत नाही. त्याच रात्रीचा संदेश आणि चालू राहिलेला संगणक तिच्या सांगण्याला पूरक आहेत. सांगितलेला हेतू तारखांत बसत नाही. सबब घटना घडली असण्याची शक्यता न घडली असण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे आणि आरोप सिद्ध होतो. दार मुद्दाम लावल्याचा भाग सिद्ध होत नाही.

दुसऱ्या आरोपाचं तसं झालं नाही. जानेवारीतल्या त्या रात्री चार मिनिटांचा फोन झाला होता हे नोंदीत दिसलं. पण त्या आठवड्यात दोघांमध्ये कामाचे असे फोन बरेच झाले होते. काय बोलणं झालं याबद्दल तक्रारीत एकच ओळ होती आणि जबाबातही तिला त्यापलीकडे सांगता आलं नाही. तेव्हा तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं. पहिला आरोप सिद्ध झाला म्हणून दुसराही झाला असेल, असा मोह इथे फार होतो. समितीने तो आवरला आणि हा आरोप सिद्ध होत नाही असं लिहिलं.

अहवालाची प्रत दोघांनाही मिळते. ती वाचून तक्रारदाराने विचारलं, म्हणजे फोनचं मी खोटं सांगितलं असं तुमचं म्हणणं आहे का? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तक्रारदार विचारते आणि त्याचं उत्तर कायद्यातच आहे. खोट्या किंवा आकसाने केलेल्या तक्रारीवर कारवाईची शिफारस करण्याची सोय कलम १४ मध्ये आहे, पण केवळ पुरावा देता आला नाही म्हणून ती लागू होत नाही, असं तिथेच स्पष्ट म्हटलं आहे. तक्रार खोटी ठरवायची तर आकस होता हे स्वतंत्र चौकशी करून सिद्ध करावं लागतं. तो फोन घाणेरडा होता की नव्हता, यातलं काहीच समितीने ठरवलेलं नाही. तिच्यापुढे जे आलं त्यावरून ते ठरवता येत नव्हतं, एवढंच त्या ओळीत लिहिलेलं आहे.